राहुकाळाआधी घेतलेला टीव्ही

बाहेर पडण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एक नजर टाकायची. चपला काढल्या की त्यांची टोकं दाराकडे वळवून ठेवायची. पार्सलची सुतळी सोडवायची, कापायची नाही. पत्रांचे कच्चे मसुदे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. लिहिताना पेनाचं टोपण डाव्या करंगळीत अडकवायचं. भाजीवाल्याने जास्तीची कोथिंबीर दिली तर त्याचं नाव घेऊन आभार मानायचे. आणि रात्री टीव्ही बंद करताना त्याला म्हणायचं, "पुरे रे बाबा, निज आतां."

चेन्नईतल्या घरमालकांच्या या सवयी इराने मुद्दाम कधी टिपल्या नव्हत्या. पोंगलच्या सुट्टीत ती सांगलीला घरी आली होती. सकाळी त्यांच्या मुलाचा, प्राणेशचा, फोन आला. "बाबा गेले. सकाळी कॉफी प्यायले आणि गेले," एवढंच तो इंग्रजीत म्हणाला. इराने फोन ठेवला. आईने काय झालं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "चपला दाराकडे तोंड करून ठेवायचे." आईला काही कळलं नाही. इराला रडू येईना. परतीच्या गाडीत, खिडकीशी बसून, ती एकेक सवय आठवत राहिली, आणि प्रत्येक सवय तिला त्या टीव्हीपाशीच घेऊन येत होती.

ती चेन्नईत आली त्याला दोन वर्षं झाली होती. इंग्रजी वाङ्मयात एम.ए. केलेल्या मुलीला एका सॉफ्टवेअर कंपनीने प्रोग्रॅम कसा वापरावा याच्या पुस्तिका लिहायला ठेवलं होतं. वेस्ट मांबलममध्ये, स्टेशनपासून चालत येण्यासारख्या गल्लीत, तिला एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली. सामान लावत असताना जिन्यातून हाक आली.

"वर येऊं काय गे पोरी? किल्ली देवोन जातों."

इरा हातातली उशी तशीच धरून उभी राहिली. मराठीच होतं. पण ते तिच्या आजीच्याही आजीचं असावं, आणि त्याला हेल तामिळ होता. दारात पांढरी वेष्टी, तिकडचं धोतर, नेसलेले, उंच, किंचित वाकलेले गृहस्थ उभे होते. ते सेतुमाधव राव. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागातून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज तंजावरला कधी आले ते त्यांना नेमकं सांगता येत नव्हतं. महाराष्ट्र त्यांनी एकदाच पाहिला होता, तोही दिल्लीला जाताना आगगाडीच्या खिडकीतून. "बरा दिसला," ते म्हणाले होते.

गल्लीतल्या सगळ्यांसारखी इराही त्यांना मामा आणि त्यांच्या पत्नीला मामी म्हणू लागली. कनकामामी कुंभकोणमच्या. गाणं त्यांच्या अंगात होतं. कुकरची शिट्टी कोणत्या स्वराची आहे ते सांगायच्या. निदान पूर्वी सांगायच्या, असं मामा म्हणत. कारण गेल्या काही वर्षांत मामींना ऐकू कमी येत होतं, आणि ही गोष्ट त्या सोडून सगळ्यांना ठाऊक होती.

"मज नीट ऐकूं येतें," मामी ठणकावून सांगत. "तुम्ही लोक पुटपुटता. हल्लीं कोणी तोंड उघडोन बोलतच नाही."

बंगळूरला राहणाऱ्या प्राणेशने कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं. ते डबीतच राहिलं. "कानांत बटण घालोन देवळांत जाऊं? साऱ्या मांबलमाने बघावें म्हणोन?" मामा डबी परत कपाटात ठेवत. संध्याकाळी ते जुना टीव्ही मोठ्याने लावत. मामी झोपाळ्यावर बसून पडद्याकडे पाहत. गाणं लागलं की त्यांची बोटं मांडीवर ताल धरत, आणि तो ताल गाण्याच्या मागे पडलेला असे. मामा ते पाहत आणि मान दुसरीकडे वळवत. संगीताचा महिना, मार्गळी, जवळ येत होता. सभागृहात जाणं मामींनी दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. "गर्दी असते," हे त्यांचं कारण.

२००५ च्या दिवाळीआधी जुन्या टीव्हीच्या पडद्यावर हिरवा पट्टा आला आणि जाईना. मग तिघं उस्मान रोडच्या बाजूला एका मोठ्या दुकानात गेली. जुना द्या, नवा घ्या, अशी योजना चालू होती. सुब्बा नावाचा विक्रेता पुढे आला. हसरा, घामाघूम, कपाळावर विभूती. एकवीस इंची सपाट पडद्याचा एक टीव्ही त्याने दाखवला. चित्र छान होतं. मामींनी मान डोलावली, पण ती सवयीची.

"मामी, हे पण बघा," सुब्बाने पडद्याखालची एक झडप उघडली. आत रंगीत भोकं होती आणि शेवटी एक बारीक काळं भोक. त्याने काउंटरवरचा हेडफोन घेतला, त्याची पिन त्यात खोचली आणि हेडफोन मामींच्या डोक्यावर चढवला. टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. पडद्यावर कुणी बाई गात होत्या. दुकानात आता फक्त पंख्याचा आवाज राहिला.

मामींचे डोळे मोठे झाले.

"अहो! तंबोरा आहे मागें!" त्या ओरडल्या. हेडफोनमुळे आपला आवाज किती चढला आहे ते त्यांना कळत नव्हतं. फ्रिज बघणारं एक कुटुंब वळून पाहू लागलं. "आणि पंचम उतरला आहे! सांगा त्यांस, पंचम उतरला आहे म्हणोन!"

"कोणास सांगूं?" मामा म्हणाले. पण ते हसत होते. इराने त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. हेडफोन हे काही कानातलं यंत्र नव्हतं. हेडफोन तर कॉलेजची मुलंही घालतात. ही वाट मामांना इतके दिवस दिसली नव्हती, आणि ती समोर उघडी झाली होती. त्यांनी दुसरा टीव्ही पाहिलाच नाही. सुब्बाने बिल केलं, त्यावर मॉडेलचा नंबर लिहिला, हेडफोन वेगळा बांधून दिला आणि शुक्रवारी सकाळी टीव्ही घरी येईल असं सांगितलं.

शुक्रवारी सकाळपासून पाऊस होता. गाडी आली तेव्हा दहा वाजून गेले होते. शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो. चेन्नईत हे मुलांनाही माहीत असतं. त्या दीड तासात नवीन वस्तू घरात घेत नाहीत, नव्या कामाला हात लावत नाहीत. इराची शिफ्ट दुपारची असल्यामुळे ती घरीच होती.

"सार, लवकर, लवकर!" गाडीवरचा माणूस खोक्याखाली वाकूनच ओरडला. "राहुकाळ लागतोय. अजून दोन घरं आहेत, तीही म्हणतात आधीच हवं!"

खोकं आत आलं. जुना टीव्ही बाहेर गेला. मामींनी खोक्यावर हळदकुंकू लावलं आणि आरती ओवाळली. माणसाने माल पोचल्याचं चलन पुढे केलं. मामांनी चष्मा शोधला, मग कॅलेंडरकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. चष्मा खिशातच राहिला. त्यांनी सही केली.

चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं तपासलेला हा माणूस. न वाचता केलेली त्यांची ती कदाचित एकच सही असेल.

खोकं राहुकाळ संपेपर्यंत हॉलच्या मध्यभागी तसंच राहिलं. बारानंतर मामांनी सुतळी सोडवली, गुंडाळून ठेवली. टीव्ही तसाच दिसत होता. तोच राखाडी रंग, तीच झडप. दुसऱ्या दिवशी कंपनीचा तंत्रज्ञ आला. त्याने चॅनेल लावून दिली, वॉरंटी कार्ड भरायला घेतलं. मामी हेडफोन घेऊन तयारच होत्या. त्यांनी झडप उघडली. आत पिवळं, पांढरं आणि लाल अशी तीन भोकं होती. काळं भोक नव्हतं. मामींनी पिन लाल भोकात घालून पाहिली, मग पांढऱ्या.

"आजी, ती बसणार नाही," तंत्रज्ञ म्हणाला. "ही व्हिडिओ प्लेअर जोडायची भोकं. या मॉडेलला हेडफोन नाही."

"पण दुकानांत होता," मामा म्हणाले.

"ते वेगळं मॉडेल, सार. दिसायला सारखंच." त्याने टीव्हीच्या मागची पट्टी दाखवली. मामांनी चष्मा लावला. बिल आणलं, चलन आणलं. बिलावर दुकानात दाखवलेलं मॉडेल होतं. चलनावर आणि टीव्हीच्या पाठीवर दुसरं. चलनाखाली मामांची सही होती, आणि सहीच्या वर छापलेलं होतं की माल तपासून, सुस्थितीत मिळाला.

मामींनी हेडफोनची तार नीट गुंडाळली. "असूं दे," त्या म्हणाल्या. "मज तसाही ऐकूं येतो." आणि त्या आत गेल्या. त्या संध्याकाळी त्यांची बोटं मांडीवर हललीच नाहीत.

पत्राचा विचार मामांचा. पण पहिला मसुदा इराने लिहिला. तिला राग आला होता. ऑफिसमधून येताना लोकल गाडीतच तिने तो मनात रचला. त्यात फसवणूक होती, मानसिक छळ होता, ग्राहक मंच होता. एक वाक्य तर तिचं तिलाच इतकं आवडलं होतं की तिने ते दोनदा वाचून दाखवलं.

मामांनी शांतपणे ऐकलं. "इंग्रजी फार सुरेख गे."

"मग पाठवायचं?"

"हें वाचोन दुकानदारास राग येईल. रागावलेला माणूस टीव्ही बदलोन देतो काय?"

"पण चूक त्यांची आहे, मामा!"

"आहेच. म्हणोन ओरडायची गरज नाही." त्यांनी कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका उलटी केली आणि पेनाचं टोपण करंगळीत अडकवलं.

त्यांचं पत्र छोटं होतं. वर विषय, खाली बिलाचा आणि चलनाचा संदर्भ. पहिल्या परिच्छेदात काय दाखवलं आणि काय आलं. दुसऱ्यात सहीची हकिकत. तिसऱ्यात मागणी एकच: आलेला टीव्ही आपल्या खर्चाने परत न्यावा आणि दाखवलेलं मॉडेल, नवं, सीलबंद, द्यावं. सोबत बिल आणि चलनाच्या नकला.

दुसऱ्या परिच्छेदाशी इरा अडकली. मामांनी लिहिलं होतं की गाडी राहुकाळाच्या थोडं आधी आली, आपल्या दुकानाच्या माणसांनी घाई केली आणि मीही केली, म्हणून खोकं न उघडता आणि चलन न वाचता मी सही केली.

"मामा, हे काढा."

"कां?"

"असल्या पत्रात राहुकाळ? उद्या कुणा वकिलाने वाचलं तर हसेल."

"हसूं दे. मी सही कां केली तें सांगायला हवें. घडलें तें हेंच."

इराने तो परिच्छेद पुन्हा वाचला. मग म्हणाली, "मग हेडफोन का हवा तेही सांगायला हवं. घडलं ते तेच."

मामांचं पेन थांबलं. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे मामी डोसे घालत होत्या, पाठमोऱ्या.

"तें नको," ते हळू म्हणाले. "ती वाचेल."

"पण नाहीतर त्यांना वाटेल, एका भोकासाठी हा म्हातारा भांडतोय."

"वाटूं दे." त्यांनी लिहिलं: हेडफोनची सोय आमच्या घरात आवश्यक आहे. ते वाक्य त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग कार्बन घालून पक्की प्रत काढली आणि दुसऱ्या दिवशी, कॅलेंडर पाहून, पोस्टात जाऊन पोचपावतीसह रजिस्टर केली.

पोचपावतीचं कार्ड दुकानाचा शिक्का घेऊन परत आलं, आणि मग काहीच आलं नाही. दिवाळी झाली. नवा टीव्ही हॉलमध्ये मोठ्याने चालू राहायचा. शेजारच्या कल्पनाने एकदा येऊन आवाज कमी कराल का विचारलं. मामींना ते ऐकू आलं नाही. त्या हसून तिला आत बोलावत राहिल्या. मामांनी आवाज कमी केला, आणि मग मामी पडद्याकडे न पाहता वाती वळत बसल्या.

कार्तिकाच्या दिव्यांच्या सुमाराला दुकानातून फोन आला. मूळ कागद घेऊन या.

तिघंही गेली. काचेच्या खोलीत मॅनेजर राघोत्तम बसले होते. जाड चष्मा, समोर मामांचं पत्र, बाजूला सुब्बा हात बांधून उभा. बोलणं तामिळमध्ये चाललं. इराला आता तेवढं समजत होतं.

"सर, चलनावर मॉडेल छापलेलं आहे. खाली तुमची सही आहे," राघोत्तम म्हणाले.

"आहे. दुसऱ्या परिच्छेदात मी तेच लिहिलं आहे."

राघोत्तमांनी पत्र उचललं आणि दुसरा परिच्छेद वाचला. इराने मान खाली घातली. आता हसणार, तिला वाटलं. राघोत्तमांनी पत्रावरून मान वर केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "शुक्रवार होता का?" त्यांनी सुब्बाला विचारलं.

"शुक्रवारच, सर. गाडी पावसात अडकली होती. ड्रायव्हरनेच घाई केली. आणि गोडाऊनमध्ये दोन्ही मॉडेलची खोकी एकावर एक होती."

"साडेदहाच्या आधी कोण खोकं उघडत बसेल?" राघोत्तम म्हणाले. "मी असतो तर मीही आधी सहीच केली असती." ते अजिबात हसत नव्हते. त्यांनी चलन बाजूला सरकवलं, आणि ते परत हातात घेतलं नाही.

इराने मामांकडे पाहिलं. मामा कॅलेंडरकडे पाहत होते, जणू त्याचे आभार मानत होते.

"पण एक अडचण आहे," राघोत्तम पुढे म्हणाले. "ते मॉडेल कंपनीने बंद केलं. गोडाऊनमध्ये एकही नाही. हेडफोन वापरतं कोण, सर? तुमच्याकडे जो आहे तो चांगला आहे. तो ठेवा. तुम्हाला हेडफोन खरंच एवढा लागतो का?"

उत्तर मामांपाशी होतं, पण त्यांनी ओठ मिटून घेतले. त्यांचा हात खिशातल्या चष्म्याकडे गेला आणि तिथेच राहिला. आत्ता बोलले नाहीत तर टीव्ही गेला, हे त्यांना कळत होतं. इराला तर स्पष्ट दिसत होतं.

मामी सगळ्यांच्या ओठांकडे पाहत होत्या. "काय विचारतो तो?" त्यांनी इराला मराठीत विचारलं.

इराने मामांकडे पाहिलं. ते टेबलाकडे पाहत होते. ती मामींच्या कानाशी वाकली. "विचारतायत, हेडफोन का हवा."

"काय?"

इराला मोठ्याने सांगावं लागलं. "हेडफोन का हवा म्हणतात, मामी!"

काचेपलीकडचे दोघंतिघं वळले. मामींनी पदर सारखा केला. मग त्या राघोत्तमांकडे वळून, तामिळमध्ये, हॉलमध्ये बोलतात तशा खड्या आवाजात म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. या माणसाने ते पत्रात लिहिलं नसेल, मला वाईट वाटेल म्हणून. त्याला वाटतं, मला ठाऊक नाही." त्यांनी काचेतून बाहेर बोट दाखवलं. "त्या टीव्हीत मला तंबोरा ऐकू आला. मला तोच हवा."

सगळे तिकडे पाहू लागले. शेल्फवर, सुब्बाने दाखवला होता तो टीव्ही अजून चालू होता.

"मामी, तो डिस्प्लेचा आहे," सुब्बा म्हणाला. "तो दिवसभर चालतो. तो कुणी मागत नाही."

"मी मागते आहे ना?"

"कनका," मामा मराठीत म्हणाले, "मी पत्रांत नवा, सीलबंद लिहिलें आहे."

"तें तुम्ही लिहिलें. मी नाही." मामी उठून शेल्फपाशी गेल्याही होत्या. टीव्हीच्या एका कोपऱ्यावर गंधाचा सुकलेला ठिपका होता, मध्ये कुंकू. दसऱ्याच्या आयुधपूजेला दुकानातल्या सगळ्या वस्तूंना लावतात तसा. "हे बघा. याची पूजा झाली आहे. पूजा झालेली वस्तू जुनी कशी होईल?"

राघोत्तम खोलीबाहेर आले. त्यांनी गंधाकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं. "आणि घरी जो आहे त्याची?"

"त्याचीही केली. खोक्यावर हळदकुंकू आहे."

"मग ठीक आहे," सुब्बा म्हणाला. "तो इथे ठेवू, सर. पुढच्या वर्षीपर्यंत वेगळी पूजा नको!"

राघोत्तम शेवटी हसले. पण मामा पत्रव्यवहार विभागातले होते. त्यांनी बिलावर त्या डिस्प्लेच्या टीव्हीचा सिरियल नंबर लिहून घेतला. वॉरंटी घरी पोचल्याच्या तारखेपासून पूर्ण, असं कार्डावर लिहून शिक्का मारून घेतला. कोणत्या दिवशी गाडी येणार ते विचारलं.

"बुधवारी," राघोत्तम म्हणाले, आणि स्वतःच पुढे म्हणाले, "राहुकाळ सोडून."

बाहेर पडल्यावर तिघं घराकडे निघाली. रंगनाथन स्ट्रीटच्या गर्दीत मामा पुढे, मामी मागे. पुलाच्या पायऱ्यांपाशी मामा थांबले. "तुज ठावें होतें?"

"काय?" मामी म्हणाल्या.

"कांही नाही."

"पुटपुटूं नका," मामी म्हणाल्या, आणि दोघंही हसली. इरा मागे दोन पावलांवर उभी राहिली. तिला त्यांच्यामध्ये जायचं नव्हतं.

मार्गळीचा तो महिना इराला पुढे कायम आठवत राहणार होता. हेडफोन लावला की टीव्हीचा आवाज बंद होई. म्हणजे ऐकायच्या फक्त मामी, आणि मामा व इरा मुक्या पडद्याकडे पाहत बसायचे. कुणी गायक हात उंच करून, तोंड वासून, एक शब्द ऐकू न येता गात असायचा.

"काय म्हणतो तो?" मामा खुणेने विचारत.

"कांभोजी राग!" मामी ओरडत. "बरा आहे! मृदंगवाला घाई करतो! त्याच्याही घरीं राहुकाळ लागला वाटतें!"

बातम्याही त्याच सांगत, स्वतःची भर घालून. मंत्री काय बोलला यापेक्षा मंत्र्याचं तामिळ कसं आहे हे जास्त असे. मामांनी चाळीस वर्षांच्या संसारात एवढं लक्ष देऊन बायकोचं बोलणं कधी ऐकलं नव्हतं, असं त्या म्हणत. मामा म्हणत, "एवढ्या मोठ्यानें ती कधीं बोललीही नव्हती." आणि वेळ झाली की ते टीव्हीला निजायला सांगत.

एकच अडचण होती. हेडफोनची तार आखूड होती. मामींना टीव्हीच्या अगदी समोर खुर्ची घेऊन बसावं लागे. त्यांचे डोळे दुखायचे आणि झोपाळा रिकामा राहायचा. एकदा इराने त्यांना झोपाळ्याच्या कड्या तेल घालून पुसताना पाहिलं, आणि मामांनीही पाहिलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी ते रिची स्ट्रीटला जाऊन आले. लांब तार, एका टोकाला पिन, दुसऱ्याला भोक, आणि भिंतीवर ठोकायच्या पांढऱ्या क्लिपांची पुडी.

"मामा, इलेक्ट्रिशियनला बोलावू का?"

"कशास? भिंत माझी, हातोडा माझा." तार टीव्हीच्या मागून भिंतीच्या कडेने, खिडकीच्या चौकटीखालून, दारावरून झोपाळ्यापर्यंत न्यायची होती. कमरेमुळे त्यांना फार वेळ वाकता येत नसे. म्हणून रोज कॉफीनंतर एकदोन क्लिपा, कॅलेंडर पाहून. प्रत्येक क्लिप ठोकली की मागे सरून तार सरळ आहे का बघायचे. मामी खुर्चीत बसून, कानावर हेडफोन असूनही, मध्येच म्हणत, "जरा वर!" आणि त्यांचं बरोबर असे.

इरा सांगलीला निघाली त्या दिवशी तार खिडकीपर्यंत आली होती.

"तूं येशील तोंवर झोपाळ्यापर्यंत नेतों," मामा दारात म्हणाले. तिची बॅग त्यांनी पायरीपर्यंत आणून दिली आणि ती गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत तिथेच उभे राहिले.

इरा परतली तेव्हा नातेवाईक बहुतेक निघून गेले होते. प्राणेश मागच्या खोलीत फोनवर बोलत होता. दाराशी मामांच्या चपला नव्हत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरचं रोज फाडायचं पान कुणी फाडलं नव्हतं.

मामी झोपाळ्यावर बसल्या होत्या. झोपाळा हलत नव्हता. टीव्हीवर चादर टाकलेली होती. इरा त्यांच्याजवळ जाऊन बसली. ती काहीतरी बोलली. प्रवासाचं, गाडीला उशीर झाल्याचं.

"मज ऐकूं आलें नाही," मामी म्हणाल्या. "परत सांग."

इराने त्यांचा हात हातात घेतला आणि समोर पाहिलं.

चादरीखालून पांढरी तार निघाली होती. भिंतीच्या कडेने ती सरळ, एकसारखी गेली होती. खिडकीच्या चौकटीपाशी शेवटची क्लिप अर्धीच ठोकलेली होती, खिळा बाहेर. त्या खिळ्याला उरलेल्या तारेचं वेटोळं टांगलं होतं, सुतळीने बांधलेलं. गाठ अशी होती की एका टोकाने ओढली की सुटावी. हातोडा खिडकीत होता, आणि त्याच्या शेजारी क्लिपांची उघडी पुडी.